सल्ला हवा: सी/जी ला I म्हणायचं की V?

मंद्रसप्तक: कॉर्डची नावं वाचता येतात, आता रोमन अंक शिकतेय. ओळ अशी: सी, एफ, सी/जी, जी, सी. एका पुस्तकात तिसऱ्या कॉर्डखाली I आणि ६-४ आहे, दुसऱ्यात V. सूर तर सी-ई-जीच! रोज २० मिनिटं मिळतात, किबोर्ड आहे. कुठली पद्धत धरू? नवीन पुस्तक नको.

काळीपट्टी: स्वाध्यायांचं एक जाडजूड पुस्तक घ्याच. आणि रोज दोन तास तरी हवेत.

तर्कट: ६-४ म्हणजे सेकंड इन्व्हर्जन. सूर सी-ई-जी, म्हणजे I. विषय संपला.

खर्जवाला: अर्धंच बरोबर. हे आकडे बेसपासूनचं अंतर सांगतात, कॉर्डचं नाव नाही. खाली जी, त्यापासून चौथा सी, सहावा ई. पुढच्या ठोक्याला बेस हलत नाही, पण सी उतरून बी होतो आणि ई उतरून डी. म्हणजे ४-३ आणि ६-५. ते दोन सूर जीवर नुसते लटकलेत.
वाजवून बघा. सी/जी गाळून एफवरून थेट जीवर या, वाक्य टिकतं. उलट जी गाळून एफ, सी/जी, सी वाजवा, शेवट ढासळतो. काम V चंच आहे.

कॅपोराव: कॅपो लावा की, कुठल्याही पट्टीत तेच आकार वाजतात.

मंद्रसप्तक: पट्टी बदलायची नाहीये हो.

तर्कट: मग सी, जी/डी, सी/ई मध्ये मधला कोण? तिथेही ६-४च आहे.

खर्जवाला: तिथे बेस सी-डी-ई असा चालतोय आणि डी दुबळ्या ठोक्यावर येतो. तो V खराच, पण जाता जाता आलेला. तुमचा सी/जी मात्र जोरदार ठोक्यावर येतो. म्हणूनच त्याला नुसतं V ६-४ लिहू नका, वाचणारा जी/डी समजेल. एकच V लिहून पुढे ६-५ आणि ४-३ या दोन्ही जोड्या द्या.

काळीपट्टी: आकडे आधी आले, रोमन अंक फार नंतर. रोमन अंक मुळात हवेतच कशाला?

खर्जवाला: आकड्यांवरून हात कुठे ठेवायचा ते कळतं, कॉर्ड तिथे का आलीय ते नाही. आणि चार आवाजांत लिहिताना जी दुहेरी ठेवा. सी दुहेरी ठेवलात तर दोन्ही सी बीकडे ओढले जातात आणि समांतर अष्टक होतं.

मंद्रसप्तक: करून पाहिलं, एफ, सी/जी, सी खरंच लंगडं वाजतं. तरी मी I ६-४ आणि V असंच लिहिणार, दोघांखाली आडवा कंस टाकून एक V. सूर शोधायला I सोपा पडतो.

खर्जवाला: चालेल. कंस विसरू नका.

तर्कट: म्हणजे I च.