मदत हवी आहे: एसीचा प्लग तापतोय, पण एमसीबी पडत नाही

म्हापशात भाड्याचा फ्लॅट आहे. दीड टनाचा एसी आधीच्या भाडेकरूने ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर, तेही कन्व्हर्टर प्लग लावून चालवला होता. एसी साधारण ७-८ अँपिअर घेतो. तासाभरात प्लगला हात लाववत नाही, पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी पडलंय. एसी सध्या बंदच ठेवलाय.

मालक म्हणतात, "एमसीबी पडत नाही ना, मग काळजी कसली?" पण सैल, गंजलेल्या पिनेवर उष्णता वाढते तेव्हा करंट तेवढाच राहतो, मग एमसीबीला कळणार कसं? आमच्या खाऱ्या, दमट हवेत पितळ लवकर काळं पडतं, ते वेगळंच.

डीबीपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट पुरेल का? की जुनी वायरिंगही तपासून घ्यावी? म्हापशात परवानाधारक इलेक्ट्रिशियन कुणी सुचवेल का?