फोटोशॉपमधला एकच लेयर पारदर्शक हवाय, पण मागे पांढरा चौकोन येतोय

मृण्मयी_ध्वजपथक
नमस्कार. आमच्या ढोलताशा पथकाच्या टी-शर्टचं काम यंदा माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षीच्या बॅनरची पीएसडी फाइल आहे. त्यात भगव्या रंगावर फेटा बांधलेल्या ढोलवादकाचं काळ्या रेषांचं चित्र आहे, तेवढंच टी-शर्टच्या पाठीवर हवंय. बॅनर करणारा मुलगा आता परदेशात असतो, त्याच्याशी संपर्क होत नाही.

त्या लेयरवर राइट क्लिक करून `Quick Export as PNG` केलं. फाइलमध्ये चित्राच्या आरपार भगवा रंग छान दिसतो, पण बाहेर आलेल्या पीएनजीत चित्राभोवती पांढरा चौकोन आहे. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. काय चुकतंय?

सागर_फ्लेक्सवाला
ताई, कोरलमध्ये एकदम सोपं आहे. चित्र सिलेक्ट करा, एक्सपोर्ट करताना फक्त निवडलेलं घ्या आणि पारदर्शक बॅकग्राउंडला टिक करा. मी रोज करतो.

मृण्मयी_ध्वजपथक
दादा, माझ्याकडे कोरल नाही आणि फाइल फोटोशॉपची आहे.

अनिकेत_के
सेटिंगचा घोळ असणार. `Edit > Preferences > Export` मध्ये जा. तिथे PNG निवडलेलं असेल, त्याखालच्या `Transparency` ची टिक गेली असेल. ती लावली की पांढरं जाईल.

मृण्मयी_ध्वजपथक
पाहिलं, टिक आधीपासूनच आहे.

विनायक_प्रीप्रेस
अनिकेतने सांगितलेली जागा आधी बघायलाच हवी होती, पण इथे कारण वेगळं वाटतंय. मृण्मयीताई, दोन गोष्टी बघून सांगा. तो लेयर निवडल्यावर लेयर्स पॅनेलच्या वरच्या खोक्यात `Normal` दिसतं की आणखी काही? आणि तो डोळा ठेवून बाकी सगळे लेयर बंद केले (त्याच डोळ्यावर Alt दाबून क्लिक केलं की होतात) तर चित्रामागे काय दिसतं, राखाडी चौकटी की पांढरं?

मृण्मयी_ध्वजपथक
खोक्यात `Multiply` आहे. बाकीचे बंद केल्यावर चित्र पांढऱ्या कागदावर आहे! आणि लेयरच्या छोट्या चित्राच्या कोपऱ्यात कागदासारखी खूण आहे.

विनायक_प्रीप्रेस
सापडलं. तुमचा लेयर मुळात पारदर्शक नव्हताच. तो पांढऱ्या कागदावरच्या चित्राचा स्कॅन आहे. `Multiply` मध्ये पांढरा रंग खालच्या रंगावर काहीच परिणाम करत नाही आणि काळा काळाच राहतो, म्हणून भगव्यावर ठेवल्यावर कागद गायब झाल्यासारखा दिसतो. लेयर एकटा बाहेर काढला की खाली मिसळायला रंगच उरत नाही, आणि कागद जसा आहे तसा येतो. एक्सपोर्ट बरोबरच झालाय.

कोपऱ्यातली खूण म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्ट. ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. बॅनरमध्ये चित्र किती पिक्सेल रुंद आहे ते बघा. मग छोट्या चित्रावर डबल क्लिक करा, आतली मूळ फाइल उघडेल, तिची रुंदीही सांगा.

स्नेहल_९१
एवढं कशाला? मॅजिक वाँडने पांढऱ्यावर क्लिक करायचं आणि डिलीट. दोन मिनिटांचं काम.

विनायक_प्रीप्रेस
स्नेहल, जाड, सरळ कडांच्या चिन्हाला ते चालून जातं. पण रेषेच्या कडेचे पिक्सेल राखाडी असतात, वाँड त्यांतले काही ठेवते आणि काही उडवते. भगव्या कापडावर मग रेषेभोवती फिकट किनार दिसते. शिवाय `Contiguous` चालू असेल तर फेट्याच्या घड्यांसारख्या बंद जागांतलं पांढरं आत तसंच राहतं.

मृण्मयी_ध्वजपथक
बॅनरमध्ये साधारण १४०० पिक्सेल. आतली फाइल ४९६० × ७०१६ निघाली.

विनायक_प्रीप्रेस
म्हणजे ए-४ कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला आहे. पाठीवर ११ इंच रुंद छापायचं धरलं तर बॅनरमधल्या लेयरमधून इंचाला १२७ पिक्सेलच मिळतात, आतल्या फाइलमधून ४५०. सगळं काम आतल्याच फाइलवर करा. मात्र आधी `Save As` करून वेगळ्या नावाने ठेवा. तिथेच सेव्ह केलंत तर जुनं बॅनरही बदलेल.

आता `Ctrl+L` दाबून लेव्हल्स उघडा. उजवीकडचा पांढरा त्रिकोण आत ओढा, कागदाची राखाडी झाक पूर्ण जाईपर्यंत. काळा त्रिकोणही थोडा आत घ्या, रेषा ठळक होतील. पांढरा जास्त ओढला तर बारीक रेषा तुटायला लागतात, म्हणून फेट्याच्या घड्यांवर झूम करून बघत बघत करा.

मग चॅनल्स पॅनेलमध्ये `RGB` च्या छोट्या चित्रावर Ctrl दाबून क्लिक करा. (स्कॅन ग्रेस्केल असेल तर `Gray` च्या चित्रावर.) उजळ भाग निवडला जाईल. तुम्हाला रेषा हव्यात, म्हणून `Shift+Ctrl+I` ने निवड उलटी करा. नवा रिकामा लेयर घ्या, `D` दाबा, मग `Alt+Backspace`. निवडीत काळा भरला जाईल. जिथे कडा अर्धवट राखाडी होती तिथे काळा तेवढाच अर्धवट पारदर्शक येतो, म्हणून किनार राहत नाही. `Ctrl+D` करून निवड काढा, स्कॅनचा डोळा बंद करा आणि नवा लेयर एक्सपोर्ट करा.

आधी एक खात्री करा. खाली एकदा पांढरा आणि एकदा भगवा लेयर ठेवून बघा. पांढऱ्यावर धुरकट डाग दिसले तर कागदाची झाक राहिलीय, लेव्हल्स पुन्हा करा.

केतकी_पोस्टर
माझंही असंच होतंय. एका फाइलमध्ये सहा आर्टबोर्ड आहेत, सगळे पारदर्शक हवेत, पण पांढरे येतात. `Multiply` कुठेच नाही.

विनायक_प्रीप्रेस
केतकी, आर्टबोर्डला स्वतःचा रंग असतो आणि सुरुवातीला तो पांढरा असतो. लेयर्समध्ये आर्टबोर्डचं नाव निवडा, `Properties` मध्ये `Artboard Background Color` ला `Transparent` करा. सहाही करावे लागतील. तरी पांढरं आलं तर आत पांढरी आयताकृती लेयर दडलीय का बघा.

मृण्मयी_ध्वजपथक
झालं! भगव्यावर अगदी स्वच्छ बसलं. पण मोबाइलवरून पाठवलं तर छपाईवाले म्हणतात सगळं काळं दिसतंय. शिवाय पथकातले काहीजण फेटा पांढरा मागतायत.

विनायक_प्रीप्रेस
फोटो म्हणून पाठवलं असेल तर वाटेत त्याचं जेपीजी झालं असणार, आणि जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. त्यांच्या फोनवर फाइल काळ्या पडद्यावर उघडली असेल तरीही काळ्या रेषा दिसणार नाहीत, म्हणून त्यांना संगणकावर उघडायला सांगा.

पांढऱ्या फेट्यासाठी फेट्याचा आकार वेगळ्या लेयरवर पांढरा भरून रेषांच्या खाली ठेवावा लागेल. स्क्रीन प्रिंट असेल तर तो दुसरा रंग, म्हणजे दुसरी स्क्रीन.

सागर_फ्लेक्सवाला
डीटीएफ केलं तर स्क्रीनचा प्रश्नच नाही ताई, कितीही रंग घ्या.

विनायक_प्रीप्रेस
सागर, खरंय, पण डीटीएफमध्ये शाईखाली पांढरा थर येतो आणि या अर्धवट पारदर्शक कडांखाली तो डोकावू शकतो. त्यांना एक नमुना काढून द्यायला सांगा, ताई. तो भगव्याच कापडावर हवा.

मृण्मयी_ध्वजपथक
उद्या दुकानात जाऊन दोन्ही नमुने मागते. फेट्याचं पथकाच्या बैठकीत ठरेल.