काचेआडची अक्षरं : तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ
मोबाईलमधले जुने फोटो आवरत होते, त्यात एका प्रदर्शनातल्या पत्राचा फोटो सापडला आणि सगळं आठवलं. वडिलांनी मुलीला बाळबोधीत लिहिलेलं पत्र, आधी प्लास्टिकच्या पाकिटात आणि मग काचेच्या पेटीत. पेटीच्या काचेत छतावरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला होता, आणि नेमका शेवटून दुसऱ्या ओळीच्या शिरोरेषेवर. खालचं अर्धं अक्षर दिसतं, वरचं गायब. 'सोडू नकोस' स्पष्ट आहे. त्याआधीचा शब्द 'घर' आहे की 'धीर'? तेव्हा काचेला नाक लावून उभी होते, तरी कळलं नाही. मागे रांग होती, पुढे सरकावं लागलं. त्या मुलीला वडील नक्की काय सांगत होते, हे आजही मनात आहे.
कुणाला असं काचेतून किंवा प्लास्टिकमधून वाचताना काय आलंय, लिहा ना.

काजवा
आपल्या लिपीत हा त्रास फार. घ-ध, भ-म यांच्यातला फरक सगळा वरच, शिरोरेषा जोडलेली की तुटलेली. आडवा पट्टा तिथेच बसला की झालं. 'भरत आली'चं 'मरत आली' झालेलं वाचलंय मी, जखमेबद्दलचं वाक्य होतं. छातीत धस्स झालं होतं.

मीनल_के
+१. आणि अनुस्वार! चमक टिंबावर पडली तर टिंब जातं, आणि गडद कागदावर पांढरी अक्षरं असतील तर चमकेचा ठिपकाच टिंब वाटतो.
माझं पुस्तकांचं. दुकानात सीलबंद पुस्तकाचा मागचा मजकूर वाचायचा असतो, प्लास्टिक सैल असतं, प्रत्येक सुरकुती वेगळ्या दिशेने चमकते. दोन्ही अंगठ्यांनी कडेला ताणून धरते. सुरकुत्या गेल्या की एकच मोठी चमक उरते, ती पुस्तक जरा कलतं केलं की मजकुरावरून सरकते. दूध उकळतंय, बाकी नंतर.

रानपाखरू
कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावा, प्रतिबिंब सगळं जातं. सोपं आहे.

दिवेलागण
रानपाखरू, जातं, पण कोनावर आहे. मी प्रदर्शनांच्या प्रकाशयोजनेचं काम करतो म्हणून सांगतो. काचेशी काटकोनात उभं राहिलं तर पोलरायझरने काहीच फरक पडत नाही. काटकोनापासून साधारण ५६ अंश कलून बघितलं तर जवळजवळ सगळं प्रतिबिंब जातं. पण इतक्या तिरक्यातून अक्षरं चेपलेली दिसतात, बारीक हस्ताक्षर वाचवत नाही. शिवाय फिल्टर प्रकाशही खातो.

सांजवेळ, तुमच्या पत्राचं असं झालं असणार. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून साधारण ८ टक्के प्रकाश परत येतो. ऐकायला थोडा वाटतो. समजा कागदाचा उजेड १०० आणि शाईचा १०. काचेत कागदाइतकीच उजळ भिंत दिसत असेल तर दोघांत ८ मिळवा. १०८ आणि १८, आरामात वाचता येतं. आता भिंतीऐवजी कागदाच्या वीसपट उजळ दिवा धरा. दोघांत १६० मिळाले. २६० आणि १७०. शाई काळी राहिलीच नाही, पांढऱ्यावर राखाडी झाली. जुन्या कागदावर उजेड मुद्दाम कमी ठेवतात, ५० लक्सच्या आसपास, नाहीतर शाई उडते. त्यामुळे बाहेरचं काहीही वीसपट उजळ असणं सहज होतं. त्यात तुमच्याकडे काचेवर पाकिटाची भर.

दिवा पेटीच्या वर नको, बाजूला असा हवा की त्याचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यात येणारच नाही. हे आम्ही मांडणी करताना पाहुण्याच्या उंचीवर डोळे नेऊन तपासतो. लहान मुलाच्या आणि चाकाच्या खुर्चीच्या उंचीवरूनही बघावं लागतं, तिथे हमखास वेगळा दिवा चमकतो.

सांजवेळ
दिवेलागण, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग तेव्हा मी काय करायला हवं होतं?

दिवेलागण
काळा दुपट्टा किंवा जाकीट हातात धरून काचेसमोर आडोसा करायचा, म्हणजे काचेत दिव्याऐवजी काळं दिसतं. किंवा फोनची लेन्स काचेला अगदी टेकवायची (हलक्या हाताने, आणि स्पर्शाला मनाई नसेल तरच). फ्लॅश बंद.
आणि एकाच जागेवरून काढू नका. वीतभर सरकून दुसरा फोटो. दिव्याचं प्रतिबिंब सरकतं, अक्षर जागचं हलत नाही. प्रतिबिंब उजेड फक्त वाढवतं, कमी कधीच करत नाही. म्हणून दोन्ही फोटो नीट जुळवून प्रत्येक ठिकाणी जो जास्त गडद तो घेतला, की खरं अक्षर वर येतं. फोटो एडिटरमध्ये थरांच्या पर्यायांत 'Darken' असतं, तेच.

विसावा२
मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याला कोटिंग घ्यायला सांगितलंय, समोरच्या माणसाला माझे डोळेच दिसत नाहीत म्हणे. घेऊ का? ओरखडे पडतात का त्यावर?

मीनल_के
विसावा, घ्या. ओला कपडा वापरा, कोरड्याने पुसू नका. पण धागा वेगळा आहे 🙂

काजवा
सांजवेळ, एक करून बघा. पट्टा वरच्या भागावर आहे ना? मग खालच्या दांड्या मोजा. 'घर'मध्ये र च्या आधी एकच दांडी, घ ची स्वतःची. 'धीर'मध्ये दोन, ध ची आणि वेलांटीची.

सांजवेळ
अंगावर काटा आला. झूम केलं. दोन दांड्या आहेत! पण दुसरी जरा बारीक आणि तिरकी आहे.

दिवेलागण
थांबा. पाकिटाला तिथे घडी आहे का? घडीची सावलीही बारीक गडद रेघच पडते. गडद घेण्याची युक्ती इथे फसते, सावलीलाच ती खरं मानते. वरच्या-खालच्या ओळींतून तीच रेघ पुढे जातेय का बघा. जात असेल तर घडी.

सांजवेळ
वरच्या ओळीत तशी काहीतरी रेघ आहे, खालच्या ओळीत नाही. त्या दिवशी चालता चालता छोटा व्हिडिओ काढला होता, त्यात पट्टा सरकतो का बघते.

गुलबकावली
सगळं वाचलं नाही, पण विचारते. आईचा लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, ओल लागून. मागे काहीतरी लिहिलंय, पुढून अक्षरांचा दाब दिसतो. ओढून काढू का?

दिवेलागण
अजिबात नको! फोटोवरचा थर काचेवर राहील आणि चेहरे जातील. काचेसकटच, तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा, दाबाच्या रेघा त्यात उठून दिसतील. मागचा पुठ्ठा सहज निघत असेल तर मागून वाचता येईल, फोटोला हात न लावता. सोडवायचं काम संवर्धकाकडेच.

रानपाखरू
आणि जुनी पत्रं लॅमिनेट करू नका कुणी. आमच्याकडे आजोबांच्या कागदांचं केलं. चमकही आली आणि आता ते निघतही नाही.

सांजवेळ
व्हिडिओ मिळाला. एका क्षणी पट्टा खाली उतरतो आणि पहिल्या अक्षराचं डोकं दिसतं. शिरोरेषा तिथे तुटलेली वाटते. म्हणजे ध. पण फ्रेम हललेली आहे.

काजवा
त्याच पत्रात दुसरीकडे नक्की 'घ' असलेला शब्द शोधा. काही जण घाईत घ वरही रेघ देत नाहीत.

सांजवेळ
'घेऊन ये' आहे तिसऱ्या ओळीत. तिथेही रेघ अर्धीच आहे.

गुलबकावली
दिवेलागण, पुठ्ठा निघाला. मागे तारीख आहे आणि आईचं माहेरचं नाव. आता आईला फोन करते.