फराळाची डिलिव्हरी नेमकी कुठे महाग पडते? (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर)

सुनंदा काकू, बी-३०२ (रात्री ८.४०): सगळ्यांना नमस्कार. आपल्या तिघींच्या फराळाची पहिली खेप पोचली. ६४ ऑर्डरी झाल्या. प्रत्येकीकडून डिलिव्हरीचे सरसकट ४० रुपये घेतले, म्हणजे २,५६० जमले. पोहोचवणाऱ्या मुलाला आणि रिक्षाला मिळून २,६१५ गेले. पुढच्या खेपेला डिलिव्हरी ५० करावी का? मत सांगा.

निलेश, ए-१०४: काकू, तूट फक्त ५५ रुपयांची आहे. ५० कशाला, ४२ केले तरी भागतं.

रोहिणी, सी-२०१: काकू, थोडं थांबा. एकूण बेरीज जवळपास जुळते म्हणून सगळीकडे जुळतंय असं होत नाही. पाथर्डी फाट्याच्या बाईंनी दिलेल्या ४० रुपयांतून सिन्नरचा डबा गेला असेल, तर ते या बेरजेत दिसणारच नाही. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते, तिथे आधी झोन पाडतो आणि मगच दर ठरवतो. तुमच्या वहीत प्रत्येक ऑर्डरचा पिनकोड आहे ना?

सुनंदा काकू: आहे गं. गुगल शीटमध्येच आहे, सूनबाईंनी करून दिलंय. नाव, पिन, आणि त्या डब्याला किती खर्च आला ते.

निलेश: मग सोपं आहे. ४२२००१ ते ४२२०१३ म्हणजे शहर, त्याच्या पुढचं बाहेर. एका IF मध्ये काम होईल.

आप्पा काका, ए-००२: निलेश, तसं करू नकोस बाळा. माझी नोकरी पोस्टात गेली, म्हणून सांगतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तो टपालाच्या सॉर्टिंगसाठी. पहिल्या तीन आकड्यांवरून पिशवी कुठल्या सॉर्टिंग जिल्ह्यात जायची ते कळतं, शेवटच्या तिनांवरून वाटप करणारं पोस्ट ऑफिस. अंतराचा त्यात काही हिशेब नाही. आता बघ, ४२२१०१ म्हणजे नाशिकरोड आणि ४२२१०३ म्हणजे सिन्नर. आकड्यात दोनाचा फरक, रस्त्याने वीसेक किलोमीटर. उलट ४२२००३ पंचवटी तुझ्या ‘शहर’ रांगेच्या मधोमध बसते, पण इथून जायचं म्हणजे द्वारका पार करून नदीपलीकडे. आणि नुसतं ४२२ धरशील तर त्र्यंबक, इगतपुरी, सिन्नर सगळं एकाच टोपलीत.

रोहिणी: काकांनी अगदी नेमकं सांगितलं. म्हणून रांग लावायची नाही, पिन आणि झोनचा वेगळा तक्ता करायचा. एका ओळीत एक पिन आणि त्याच्यासमोर झोन. कुठला पिन कुठल्या झोनमध्ये जाईल हे आपला मुलगा कुठल्या रस्त्याने जातो त्यावरून आपण ठरवायचं. ‘झोन’ नावाच्या शीटवर मी हे घातलंय:

```
422009  जवळ
422010  जवळ
422001  मध्य
422005  मध्य
422007  मध्य
422003  पंचवटी
422004  पंचवटी
422101  नाशिकरोड
422401  नाशिकरोड
422103  बाहेरगाव
422212  बाहेरगाव
```

देवळाली कॅम्पचा ४२२४०१ नाशिकरोडमध्ये घेतला, कारण तो डबा त्याच फेरीत जातो. आकड्याच्या हिशेबाने तो कुठेतरी लांब दिसला असता.

सुनंदा काकू: मग आता प्रत्येक ऑर्डरसमोर हातानं झोन लिहू का?

रोहिणी: नाही काकू, हातानं लिहायचं नाही. ‘ऑर्डर’ शीटवर C मध्ये पिन आहे आणि F मध्ये खर्च. E मध्ये हे टाका आणि शेवटच्या ऑर्डरपर्यंत खाली ओढा. पिन इंग्रजी आकड्यांतच ठेवा.

```
=IFERROR(VLOOKUP(VALUE(SUBSTITUTE(C2," ","")), 'झोन'!A:B, 2, FALSE), "तपासा")
```

SUBSTITUTE कशाला, तर काही जणी ४२२ ००९ असा मध्ये जागा सोडून पिन पाठवतात. तो शीटला आकडा न वाटता मजकूर वाटतो आणि तक्त्यातल्या आकड्याशी जुळत नाही. जागा काढून VALUE ने त्याचा पुन्हा आकडा केला. जो पिन तक्त्यात नाही त्याच्यासमोर ‘तपासा’ येईल. ती ओळ रिकामी ठेवायची नाही, कारण रिकामी ओळ नजरेतून निसटते.

सुनंदा काकू (९.३५): झालं. पण चार ठिकाणी ‘तपासा’ आलंय.

रोहिणी: ते यायलाच हवेत. आता झोनवार बेरीज केली तर ६० ऑर्डरी भरतील, ६४ नाही. म्हणून झोनच्या बेरजेखाली मूळ ऑर्डरींची संख्या नेहमी शेजारी ठेवा. चार पिन सांगता का?

सुनंदा काकू: दोन ४२२०१३ आहेत, गंगापूर रोडच्या. एक ४२२०९, त्यात एक शून्य गेलंय, पत्ता राणेनगरचा आहे. आणि एक ४२१००९, पत्ता इंदिरानगरचाच.

रोहिणी: ४२२०१३ तक्त्यात घालायचा राहिला होता, तो ‘मध्य’ म्हणून घालते. बाकी दोन्ही ४२२००९ करा, मूळ ऑर्डरीतच. असा चुकलेला पिन तक्त्यात घालून जुळवायचा नाही, नाहीतर तो तिथे कायमचा राहतो.

निलेश: माझ्या कॉपीत गंगापूर रोडला ‘तपासा’ आलंच नाही. ते दोन चुकीचे पिन तेवढे सापडले, ते दुरुस्त केल्यावर बेरीज थेट ६४ आली. मी पिन चढत्या क्रमाने लावले होते आणि शेवटचं FALSE काढलं होतं.

रोहिणी: गंगापूर रोडच्या त्या दोन ओळींसमोर झोन काय आलाय बघ.

निलेश: ‘जवळ’!

रोहिणी: हेच सगळ्यात धोक्याचं आहे. FALSE नसेल तर VLOOKUP नेमका पिन शोधत नाही, त्याच्या अलीकडचा सर्वांत मोठा आकडा पकडतो. ४२२०१३ सापडला नाही म्हणून त्याने ४२२०१० घेतला, आणि अंबडचा झोन गंगापूर रोडला चिकटवला. एकूण बेरीज बरोबर ६४ येते, म्हणून बेरजेच्या तपासणीत हे कधीच सापडत नाही. सुटलेली ओळ बेरजेत कळते, चुकीच्या झोनमध्ये गेलेली कळत नाही. ती शोधायची तर शीट झोनप्रमाणे लावून प्रत्येक झोनमधला खर्चाचा रकाना वरून खाली वाचायचा. तुझ्याकडे ‘जवळ’मध्ये काय दिसतं?

निलेश: २८ ऑर्डरी. बाकी सगळ्या १५ ते २५ रुपयांच्या, आणि या दोन ४५-४५ च्या. हो, लगेच डोळ्यात भरतंय.

आप्पा काका: आणि कोणी ४२२१०१ च्या जागी ४२२०१० लिहिलं, तर दोन्ही पिन खरेच आहेत. ‘तपासा’ येणार नाही. तेही खर्चाच्या रकान्यावरूनच कळेल.

रोहिणी: अगदी बरोबर काका. आता सारांश. A मध्ये झोनची नावं, शेजारी हे दोन:

```
=COUNTIF('ऑर्डर'!E:E, A2)
=SUMIF('ऑर्डर'!E:E, A2, 'ऑर्डर'!F:F)
```

सुनंदा काकू (१०.०५): आलं बघ:

```
झोन         ऑर्डर   खर्च
जवळ          26      520
मध्य          18      720
पंचवटी         9      495
नाशिकरोड      8      520
बाहेरगाव       3      360
एकूण          64     2615
```

निलेश: म्हणजे एका ऑर्डरीला अनुक्रमे २०, ४०, ५५, ६५, १२०. यांची सरासरी ६०. मग काकूंनी ५० नाही, ६० करायला हवेत?

रोहिणी: नाही रे. सरासऱ्यांची सरासरी काढलीस, त्यात बाहेरगावच्या ३ ऑर्डरींना आणि जवळच्या २६ ना सारखंच वजन मिळालं. खरी सरासरी २,६१५ भागिले ६४, म्हणजे ४१ च्या आत. पण काकू, मुख्य गोष्ट वेगळीच आहे. ‘जवळ’कडून १,०४० घेतले आणि खर्च ५२० झाला. ५२० रुपये जास्तीचे. मध्य बरोबरीत. पंचवटीत १३५ ची, नाशिकरोडला २०० ची आणि बाहेरगावी २४० ची तूट. सगळं मिळून ती ५५ ची तूट दिसते. सरसकट ५० केले तर आपल्याच गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर आणखी बोजा पडेल, आणि सिन्नरच्या डब्याला तरीही ७० रुपये पदरचे जातील.

सुनंदा काकू: अगं बाई. जवळच्याच बायका म्हणत होत्या की दोन गल्ल्यांसाठी ४० कशाला. बरोबरच होतं त्यांचं. मग पंचवटी ५५ करू?

रोहिणी: त्याआधी पंचवटीच्या नऊ ओळी वाचून दाखवा.

सुनंदा काकू: सहा ४५ च्या आणि तीन ७५ च्या. पिन नऊही ४२२००३ च.

आप्पा काका: त्या तीन आडगावच्या असणार. रामकुंडाजवळ आणि आडगावात पिन एकच आहे.

सुनंदा काकू: हो काका, तिन्ही आडगावच्या!

रोहिणी: इथे पिनकोडची ताकद संपते. एका पिनला तक्त्यात एकच ओळ असते, दोन ठेवल्या तर VLOOKUP पहिलीच घेईल आणि दुसरी नुसती पडून राहील. म्हणून तक्त्याला हात लावायचा नाही. ऑर्डर शीटवर D रकाना रिकामा आहे, त्यात फक्त अशा अपवादांपुरतं ‘आडगाव’ लिहा. E मधलं सूत्र असं करा:

```
=IF(D2<>"", D2, IFERROR(VLOOKUP(VALUE(SUBSTITUTE(C2," ","")), 'झोन'!A:B, 2, FALSE), "तपासा"))
```

सारांशात ‘आडगाव’ची ओळ वाढवा, नाहीतर एकूण ६१ दिसेल. पंचवटी ६ ऑर्डरी २७० रुपये, आडगाव ३ ऑर्डरी २२५. पंचवटीला ५५ लावले असते तर रामकुंडाच्या बाजूच्यांना उगाच महाग पडलं असतं आणि आडगावला तूट तशीच राहिली असती.

मंगेश, बी-१०१: नाशिकरोडचे डबे मीच नेले होते. चार शुक्रवारी, चार रविवारी. दोन्ही फेऱ्यांचे २६०-२६० घेतले. एकाच दिवशी आठही दिले असते तर एका फेरीत झालं असतं, थोडे जास्त घेतले असते एवढंच.

रोहिणी: मंगेशदादा, हे फार कामाचं सांगितलंत. ६५ हा त्या रस्त्याचा ठरलेला खर्च नाही, एका फेरीत चारच डबे गेले म्हणून तो ६५ आला. काकू, नाशिकरोड-देवळालीसाठी एकच वार ठेवा. आणि एका फेरीत दोन झोन झाले तर पूर्ण रक्कम पहिल्या ऑर्डरीसमोर लिहू नका, डब्यांमध्ये वाटून लिहा. नाहीतर द्वारकेवरून पंचवटीला गेलेल्या फेरीचा सगळा खर्च ‘मध्य’वर चढेल.

सुनंदा काकू (१०.४०): ठरलं मग. जवळ २५, मध्य ४०, पंचवटी ४५, आडगाव ७५. नाशिकरोड आणि देवळाली फक्त शनिवारी, ५०. सिन्नर-त्र्यंबक १२०, पाच डबे एकत्र असतील तर पुन्हा बोलू. चालेल ना?

मंगेश: शनिवारी आठ डबे असतील तर ४०० मध्ये नेतो. पाचच असले तर मात्र ३०० लागतील.

सुनंदा काकू: मग शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या बाजूच्या ऑर्डरी घेईन आणि आकडा तुला कळवीन. आठ भरल्या नाहीत तर त्यांना आधीच ६० सांगेन. रोहिणी, जुन्या ऑर्डरींचे ४० तसेच ठेवू की हे नवे दर लावू?

रोहिणी: घेतलेली रक्कम G मध्ये आकडा म्हणून लिहून ठेवा, सूत्राने आणू नका. उद्या दर किंवा झोन बदलला तरी पहिल्या खेपेचा हिशेब जसा झाला तसाच राहील.