प्रतिसाद: उसनवारी आणि कापसाचा हंगाम

साडू उसने पैसे मागतो, त्याबद्दल तुम्ही लिहिलंत: "साडूला नाही म्हटलं तर दुखावतो, दिले तर परत येत नाहीत."

सरळ नकार जड जात असेल, तर रोख देणं तेवढं बंद करा. आमच्या यावलकडच्या मेहुण्यांनी जूनमध्ये बियाण्या-खतासाठी पैसे मागितले. मी म्हटलं, "दाजी, हातात नाही देत, कृषी केंद्राचं बिल भरतो." १८ हजार दुकानदाराच्या खात्यात टाकले. परतफेड दिवाळीनंतर कापूस विकल्यावर ठरली. दर महिन्याचा हप्ता शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून तो बोललोच नाही. जानेवारीत लग्नासाठी पुन्हा मागणी आली, तेव्हा ८ हजार बाकी होते. "आधीचे फिटू द्या, मग बसून बोलू," एवढंच म्हटलं; ताईला फोन करून तेच सांगितलं, नाहीतर घरात वेगळीच कुजबुज सुरू होते.

आणखी एक, २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घेणं आयकर कायद्यात बसत नाही (दोघांचंही उत्पन्न शेतीचंच आणि करपात्र काही नसेल तर सूट आहे). त्यामुळे "बँकेतूनच देईन" म्हणायला रास्त कारण मिळतं आणि नोंदही राहते. परतीची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. वसुलीच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात.