‘शितावरून भाताची परीक्षा’ : घाईचा निष्कर्ष की रास्त अनुमान?

नौपाडाकर
सोसायटीच्या अंकासाठी विचारातल्या चुकांवर एक लेख मराठीत आणते आहे. दोन-तीन अनुभवांवरून सगळ्यांबद्दल मत बनवणं, ज्याला इंग्रजीत हेस्टी जनरलायझेशन म्हणतात, त्यासाठी मी ‘शितावरून भाताची परीक्षा करणे’ असं लिहिलं. दुसऱ्या एका वाचकाचं म्हणणं, ही म्हण उलट अर्थाची आहे. कोण बरोबर?

घणसोलीचा वाचक
ते बरोबर आहेत. ही म्हण दोष दाखवत नाही, थोडक्या पुराव्यावरून नीट अनुमान कसं करावं ते दाखवते. संस्कृतात हाच स्थालीपुलाकन्याय. स्थाली म्हणजे भांडं, पुलाक म्हणजे शीत.

एक शीत पुरतं ते का, हे पाहण्यासारखं आहे. उकळतं पाणी खालून वर फिरत असतं, दाणे एकाच जातीचे आणि एकाच वेळी वैरलेले असतात. त्यामुळे कुठलंही शीत दुसऱ्यासारखंच असतं. बोटांत दाबल्यावर मधे कणी लागली तर सगळ्या भातात कणी आहे. पण पातेल्यात जुना-नवा तांदूळ एकत्र असेल, किंवा कुकरमध्ये एकावर एक डबे असतील, तर वरच्या डब्यातलं शीत खालच्याबद्दल काही सांगत नाही. शीत एकच, पण इथे तोच निष्कर्ष घाईचा ठरतो. म्हणजे म्हणीचा भर शिताच्या संख्येवर नाही, भात एकसारखा असण्यावर आहे.

कळव्याहून
न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, यासाठी ‘अतिव्याप्ती’ हा तयार शब्द आहे की. तोच वापरा. आणि पुरावा किती, तर नमुना एकूण मालाच्या निदान दहा टक्के हवा, हा साधा नियम आहे.

घणसोलीचा वाचक
अतिव्याप्ती जवळची वाटते, पण तो व्याख्येचा दोष आहे. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. अनुमान चुकतं तिथे न्यायाचे शब्द ‘व्यभिचार’ आणि ‘उपाधी’. स्वयंपाकघरात रोज अग्नीबरोबर धूर दिसला म्हणून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणणं चूक, कारण धूर ओल्या सरपणामुळे होता. ओलं सरपण ही नजरेआड राहिलेली अट, म्हणजे उपाधी. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. नियम मोडणारं असं उदाहरण म्हणजे व्यभिचार.

‘पुष्कळ वेळा पाहिलं’ एवढ्यानेही भागत नाही. अन्नंभट्टाच्या ‘दीपिका’ या न्यायावरच्या टीकेत उदाहरण आहे: पृथ्वीपासून झालेल्या वस्तूंवर लोखंडाने ओरखडा उठतो, हे शंभरदा पाहिलं तरी हिऱ्यावर तो उठत नाही. नियम मोडायला एक हिरा बस.

वाशी सेक्टर १७
माझा प्रश्न रोजचाच आहे. मार्केटमधून हापूसची एक पेटी आणली, पाच डझनांची. दोन आंबे कापले, दोन्हींत साका. ‘यंदाचा हापूस खराब’ म्हणालो तर घरचे म्हणतात, ही घाई. दोनपैकी दोन म्हणजे शंभर टक्के झाले ना?

नेरुळकर
दोन निष्कर्ष वेगळे ठेवा. ‘ही पेटी खराब असावी’ हा रास्त आहे, ‘यंदाचा हापूस खराब’ हा नाही.

साका सालीवरून कळत नाही. कापल्यावर कोयीकडचा गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस दिसतो. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, जमिनीच्या तापाची झळ लागली की तो वाढतो. म्हणून एका बागेतल्या, एका तोड्याच्या फळांत तो एकत्र येण्याचा संभव असतो. तुमचे दोन आंबे बहुधा एकाच तोड्याचे. ते त्या तोड्याची साक्ष देतात, कोकणातल्या बागांची नाही.

आता आकडे. समजा मालात वीसातला एकच आंबा साक्याचा आहे आणि माल नीट मिसळलेला आहे. मग कापलेले दोन्ही साक्याचे निघायची शक्यता चारशेत एक. इतकं दुर्मीळ घडलं असं मानण्यापेक्षा पेटीत साका बराच आहे हे मानणं सोपं. पेटीपुरती म्हणूनच घाई नाही. मोसमाबद्दल बोलायचं तर एका पेटीतले आणखी दहा कापून काही मिळणार नाही. वेगवेगळ्या बागांच्या दहा पेट्यांतला एकेक आंबा जास्त सांगेल.

कळव्याहून
मग तेच तर. दहा टक्के कापा.

नेरुळकर
उलट बाजूने बघा. साठ आंब्यांचे दहा टक्के म्हणजे सहा. पेटीत बारा आंबे साक्याचे असले, म्हणजे पाचातला एक, तरी सहाच्या सहा चांगले निघायची शक्यता चारांत एक आहे. तेवढ्यावर ‘पेटी स्वच्छ’ म्हणणं धाडसाचं. आणि सहा हजार आंब्यांच्या मालाचे दहा टक्के म्हणजे सहाशे आंबे फुकट कापणं. एकूण माल किती याला फार महत्त्व नाही, कापलेल्यांची संख्या आणि ते कुठून काढले याला आहे. पाचातला एक साका नजरेतून सुटू नये असं हवं असेल तर साधारण चौदा आंबे लागतात. साका पाचात एक असूनही चौदाच्या चौदा चांगले निघाले, असं वीसातून एखाद्याच वेळी होईल.

चांगले निघालेले आंबे हळूहळू भरवसा देतात आणि वाईट निघालेले भरभर काढून घेतात, हा फरक लोक विसरतात. तीन चांगले निघाले म्हणून निश्चिंत होणं ही घाईच, फक्त ती कोणी घाई म्हणत नाही.

वाशी सेक्टर १७
वरच्या थरातून काढले होते, हे सांगायचं राहिलं.

नेरुळकर
थर बदलून पाहा. तळाचे आणि मधलेही काढा. वरचा थर बहुतेकदा निवडून लावलेला असतो. मात्र साका बाहेरून दिसत नसल्याने ती निवड इथे फारशी उपयोगी पडत नाही, डाग आणि आकार मात्र लपतात.

नौपाडाकर
यावरून ‘वानगी’ आठवली. ‘वानगीदाखल’ म्हणजे नमुना दाखवणं असंच ना?

घणसोलीचा वाचक
हो, पण वानगी बहुधा विकणारा दाखवतो, तीही बरी निवडून. पोत्याच्या आतून, दोन-तीन ठिकाणांहून नळी खुपसून काढतो तो विकत घेणाऱ्याचा नमुना. ‘वानगीदाखल तीन उदाहरणं’ असं लिहिणाऱ्याकडे निवडीचा अधिकार असतो, म्हणून त्यांवरून नियम काढू नये. तुमच्या लेखात हा फरक आला तर फार बरं होईल.

शीर्षकाला ‘घाईचं सामान्यीकरण’ चालेल. ‘सरसकट’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो, ‘सरसकट ठपका’ किंवा ‘सरसकट निष्कर्ष’.

कळव्याहून
‘सरसकट’ कर्जमाफीही असते, त्यात घाई कुठे आहे? त्या शब्दात पुराव्याच्या तुटपुंजेपणाचा भाग नाही.

घणसोलीचा वाचक
हे मान्य. ‘उतावळा’ जोडून पाहिलं तर ‘उतावळा सरसकट निष्कर्ष’ बोजड होतो.

नौपाडाकर
आणि म्हणीचं काय? वर्तमानपत्रांत ‘शितावरून भाताची परीक्षा करू नका’ असंही मी वाचलं आहे. म्हणजे अर्थ सरकतोय का?

घणसोलीचा वाचक
सरकतोय खरा. पण तसं लिहिणाऱ्याला बहुधा ‘इथे भात एकसारखा नाही’ असं म्हणायचं असतं. तेवढं उघड लिहिलं तर म्हणीला वाकवावं लागत नाही.

नेरुळकर
बोलणाऱ्यांनी उलट अर्थ घेतला की तोही अर्थ होतो, असं मला वाटतं. यावर आपलं जमायचं नाही. लेखाच्या पहिल्याच वाक्यात पातेलं आणि कुकर दोन्ही घाला.