मदत हवी आहे: हिरव्या नक्षीखाली गुणपत्रिकेवरची अक्षरं वाचता येत नाहीत

अमळनेर_ऑनलाइन: अमळनेरला फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एक जुनी गुणपत्रिका आलीय. फिकट हिरव्या लहरींची नक्षी आणि त्यावर डॉट मॅट्रिक्सची पुसट काळी छपाई. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लहरी नि अक्षरं एकच होतात, आसन क्रमांकात 3 आहे की 8 ते कळत नाही. जन्मतारखेचा शेवटचा आकडा तर मधल्या राखाडी बोधचिन्हावरच आलाय. काय करता येईल?

शिरपूर_डीटीपी: ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवा, नक्षी उडते.

तापीकाठ: छपाई ठसठशीत असेल तर उडते. इथे पुसट अक्षरंही सोबत उडतील. त्यापेक्षा रंगाचा फायदा घ्या. 300 डीपीआयला रंगीत स्कॅन करून पीएनजीत ठेवा. जेपीजी नको, त्यात रंग ढोबळ साठवला जातो आणि बारीक रेषांचा रंग शेजारच्या अक्षरात उतरतो. मग गिम्पमध्ये `Colors > Components > Extract Component` उघडून `RGB Green` निवडा. त्यात हिरवी नक्षी जवळजवळ कागदाइतकी उजळते, काळं अक्षर काळंच राहतं. नक्षी उलट गडद झाली तर समजा `RGB Red` किंवा `RGB Blue` निवडलं गेलंय.

पुढे `Levels`. समजा नक्षी 215 वर आणि अक्षर 140 वर आहे. पांढरा त्रिकोण 255 वरून 210 ला आणा, नक्षी जाईल. काळा 0 वरून 100 ला आणा, अक्षर गडद होईल.

धुळेकर: मनाकडे बी असंच व्हई ऱ्हायनं भाऊ. दाखल्याची झेरॉक्स काढली की आडवं `COPY` उमटतं. ड्रम बदलू का?

तापीकाठ: ड्रम चांगला आहे, ते मुद्दाम केलेलं असतं. नक्षीत बारीक आणि मोठे असे दोन प्रकारचे ठिपके असतात. मशीनला बारीक ठिपके पकडता येत नाहीत, मोठे उमटतात आणि त्यांचाच शब्द होतो. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

शिरपूर_डीटीपी: मग ही साफ केलेली प्रतच अपलोड करायची ना?

तापीकाठ: अजिबात नाही! नक्षी काढलेल्या प्रतीवर खाडाखोडीचा संशय येतो. अपलोडला मूळ रंगीत स्कॅनच द्या, साफ प्रत फक्त आपल्याला वाचायला.

अमळनेर_ऑनलाइन: आसन क्रमांकात 8 आहे, स्पष्ट लागला. राखाडी चिन्ह मात्र हललं नाही.

तापीकाठ: राखाडी रंग तिन्ही चॅनेलांत सारखाच दिसतो, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. तेवढाच भाग 1200 डीपीआयला स्कॅन करा. प्रिंटरच्या पिनांचे ठिपके ठरावीक अंतरावर पडतात. त्याच कागदावरचे स्वच्छ 3, 6, 8 कापून 50 टक्के पारदर्शक करा आणि त्या आकड्यावर ठेवून ठिपके जुळतात का बघा.

अमळनेर_ऑनलाइन: 3 बाद झाला. 6 आणि 8 दोन्ही बसतात, फरकाचा ठिपका नेमका चिन्हाच्या गडद कडेवर आहे. फॉर्ममध्ये अंदाजानं तारीख टाकणार नाही. ग्राहकाला शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणायला सांगितलंय. तोवर कोणाला आणखी काही सुचलं तर सांगा.